टाकीच्या आत, साठ सेकंदांत

पाण्याच्या टाक्या साफ करून देणाऱ्या माणसाची मोठी अडचण अशी, की त्याचे काम कोणालाच दिसत नाही. टाकी गच्चीवर किंवा जमिनीखाली असते, झाकण जड असते आणि आत अंधार असतो. फोनने व्हिडिओ काढावा तर काळपट पाणी आणि बॅटरीचा झोत एवढेच हाती लागते. सोसायटीच्या कमिटीपुढे कामाचा दर ठेवला, की पहिला प्रश्न येतो, ‘पाणीच तर काढून टाकायचं आहे, त्याला एवढे पैसे?’

अशा वेळी ॲनिमेशन उपयोगी पडते. चित्रात टाकी मधोमध उभी कापून दाखवता येते. तळाचा गाळ, भिंतीवरचा बुळबुळीत थर, गाळाच्या जरा वरच्या पातळीवर बसवलेला बाहेर जाणारा पाइप हे सगळे एका नजरेत येते. उलट मिसळीच्या दुकानाला किंवा साडीच्या दुकानाला ॲनिमेशनवर पैसे घालवायची फारशी गरज नसते. तिथे खरी तर्री आणि खरा जरीकाठ फोनवर चांगल्या उजेडात टिपला, की तो चित्रापेक्षा सरस ठरतो. काम डोळ्यांना दिसत नसेल, पायऱ्यांनी घडत असेल किंवा दाखवायला किळसवाणे असेल, तर ॲनिमेशनचा खर्च वसूल होतो.

चित्रे देखणीच असली पाहिजेत, असेही नाही. सिएटलच्या ली आणि साची लफीव्हर या जोडप्याच्या ‘कॉमन क्राफ्ट’ने २००७ पासून कागदाची कात्रणे पांढऱ्या पाटीवर हाताने सरकवत इंटरनेटवरच्या अवघड कल्पना समजावणारे छोटे व्हिडिओ केले. ‘ड्रॉपबॉक्स’ ही तेव्हाची नवी कंपनी. फाइल ‘वर कुठेतरी’ साठते म्हणजे काय, हे लोकांना समजावण्यासाठी तिने २००९ मध्ये त्यांच्याकडूनच व्हिडिओ करून घेतला. काळ्या रेषांची कात्रणे, एक हात आणि एक आवाज एवढ्यावर तो उभा होता. मेहनत गेली होती ती काय सांगायचे आणि काय गाळायचे हे ठरवण्यात.

आता एक नमुना घेऊन सगळा प्रवास पाहू. समजा, पिंपरी-चिंचवडमध्ये टाक्या साफ करणारा पाच जणांचा व्यवसाय आहे. मालकाने साठ सेकंदांच्या व्हिडिओसाठी ५० हजार रुपये बाजूला काढले आहेत. व्हिडिओ मुख्यतः व्हॉट्सॲपवरून सोसायट्यांच्या सेक्रेटरींकडे जाणार आहे.

मालकाची यादी मोठी असते. पंधरा वर्षांचा अनुभव, सहा प्रकारच्या सेवा, नवे मशीन, मिळालेली ट्रॉफी, गाडीचा फोटो, शिवाय दरपत्रक. यातले काय ठेवायचे हे ठरवायला एक साधा मार्ग आहे. गेल्या महिन्यात आलेले फोन आठवायचे आणि लोकांनी काय विचारले ते कागदावर उतरवायचे. टाकीच्या धंद्यात दोन प्रश्न हमखास येतात. आत नेमके काय करता? आणि पाणी किती वेळ बंद राहील? व्हिडिओने या दोहोंचे उत्तर द्यायचे. ट्रॉफी ऑफिसात शोभते, दरपत्रक वेगळे पाठवता येते.

मग संहिता. मालकाने लिहून आणलेला पहिला खर्डा बहुधा असा असतो: ‘ग्राहकांच्या सेवेत सदैव तत्पर असलेली, अनुभवी व प्रशिक्षित कर्मचारीवर्ग लाभलेली आमची संस्था...’ हे वाचायला आठ-नऊ सेकंद जातात आणि टाकीचे नावही येत नाही. त्याऐवजी सुरुवात अशी करता येते:

‘गच्चीवरची टाकी शेवटची कधी उघडून पाहिली होती? नळाचं पाणी स्वच्छ दिसतं, कारण गाळ तळाशी बसतो. टाकीतलं पाणी खाली गेलं, की तोच गाळ नळात उतरतो.’

हे २४ शब्द आहेत. सावकाश, माणसासारखे वाचले तर साधारण १३ सेकंद लागतात. या हिशेबाने मिनिटात ११० शब्द बसतील, पण तेवढे भरायचे नसतात. चित्र बघायला आणि श्वास घ्यायला जागा हवी, म्हणून संपूर्ण संहिता शंभर शब्दांच्या आत ठेवलेली बरी. इंग्रजीत मिनिटाला दीडशे शब्द धरतात. तो आकडा मराठीला लावला, की गडबड होते. आपण प्रत्यय शब्दाला जोडून लिहितो, ‘टाकीतल्यासुद्धा’ हा मोजायला एकच शब्द, पण बोलायला सहज दोघांची जागा घेतो. त्यामुळे शब्द मोजून अंदाज घ्यायचा आणि खात्री घड्याळ लावून, मोठ्याने वाचून करायची. मनातल्या मनात वाचले तर वेळ नेहमी कमीच भरतो.

शब्द वापरतानाही एक काळजी घ्यावी लागते. ‘शंभर टक्के जंतुमुक्त’ हे वाक्य मालकाला फार आवडते. ते सिद्ध करता येणार नसेल तर काढून टाकावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आणि फसव्या जाहिरातींबाबतच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत छोट्या व्यवसायाला वेगळी सूट नाही, आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा व्हिडिओही जाहिरातच असतो. त्यापेक्षा ‘धुऊन झाल्यावर टाकी निर्जंतुक करतो’ हे वाक्य खरे आहे आणि पुरेसे आहे.

संहिता ठरली, की साठ सेकंदांची वाटणी होते. पहिले तेरा सेकंद अडचण. पुढचे चार सेकंद व्यवसायाचे नाव आणि तो काय करतो ते. सतराव्यापासून एकेचाळीसाव्या सेकंदापर्यंत कामाचे चार टप्पे, प्रत्येकाला सहा सेकंद: पाणी उपसणे, गाळ काढणे, प्रेशरने भिंती धुणे, निर्जंतुक करणे. त्यानंतर अकरा सेकंद पाणी किती वेळ बंद राहील आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो कसे मिळतील, यासाठी. शेवटचे आठ सेकंद फोन नंबर. मालकाला आठ सेकंद फार वाटतात, पण समोरच्याला दहा आकडे वाचायचे असतात.

या वाटणीवरून स्टोरीबोर्ड काढतात. म्हणजे प्रत्येक दृश्याचा एक चौकोन, त्यात काडीमाणसे चालतील अशी कच्ची आकृती आणि खाली त्या वेळी ऐकू येणारे वाक्य. नमुन्यातल्या व्हिडिओला असे बारा-चौदा चौकोन पुरतात. त्यानंतरची पायरी बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते आणि घाईत तीच गाळली जाते. तिला ॲनिमॅटिक म्हणतात. संहिता कोणीतरी फोनवर वाचून रेकॉर्ड करतो. त्या आवाजाखाली स्टोरीबोर्डची कच्ची चित्रे, ठरलेल्या सेकंदांना बदलत, ओळीने लावली जातात. ‘डाविंची रिझॉल्व्ह’सारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे एका दुपारचे काम आहे. हाती येतो तो साठ सेकंदांचा व्हिडिओच, फक्त त्यातले काहीही हलत नाही.

ॲनिमॅटिक दाखवायचा तो या धंद्याची माहिती नसलेल्या दोघा-तिघांना. मालकाचा भाऊ किंवा चित्रकाराचा मित्र नको, शेजारच्या सोसायटीतल्या काकू चालतील. एकदाच दाखवायचा आणि विचारायचे, ‘हे लोक काय करतात? पाणी किती वेळ बंद राहील?’ दुसऱ्या प्रश्नाला काकू अडखळल्या, तर दोष संहितेत असतो. तेव्हा मांडणीच बदलावी लागते, चित्रे सुंदर करून तो झाकला जात नाही. नमुन्यातल्या संहितेत बंद पाण्याची गोष्ट टाकी निर्जंतुक करण्याच्या टप्प्यातच घुसडली होती, असे धरा. कान त्या वेळी औषधाकडे लागलेला असतो, तासांचा आकडा निसटतो. तो पुढच्या अकरा सेकंदांत, घड्याळाच्या चित्रासह एकटा आणला, की लक्षात राहतो.

इथे बदल करायला वीस मिनिटे लागतात. पुढे तोच बदल किती महागतो, हे एका उदाहरणाने कळते. ॲनिमेशन पुरे झाल्यावर मालक म्हणाला, ‘साहेब, टप्पे चार नाहीत, पाच दाखवा. आमचं अल्ट्राव्हायोलेट मशीन राहिलं.’ चोवीस सेकंदांत पाच टप्पे बसवायचे, तर प्रत्येकाला पाच सेकंदही उरत नाहीत. म्हणजे चारही जुनी दृश्ये आखडायची, पाचवे नव्याने काढायचे, आवाज देणाऱ्याला पुन्हा बोलवायचे, मग संगीताचे ठोके दृश्यांशी पुन्हा जुळवायचे. ‘एक छोटंसं दृश्य घाला’ या विनंतीत चार जणांचे काम दडलेले असते. म्हणून करारात लिहावे, की ॲनिमॅटिक मंजूर झाल्यावर संहिता बंद. नंतरच्या बदलाचे पैसे वेगळे.

आता ५० हजारांची वाटणी. संहिता, स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिकला ९ हजार. चित्रांच्या आखणीला १२ हजार, ॲनिमेशनला १६ हजार. आवाज देणाऱ्याचे मानधन आणि स्टुडिओला ४ हजार, संगीताच्या परवान्याला आणि ध्वनीला ३ हजार. उरलेले ६ हजार राखीव. हे बाजारभाव नाहीत, त्यातले प्रमाण पाहायचे. जवळपास पाचवा हिस्सा काहीही हलायच्या आधी खर्च होतो आणि तो कापण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो. काम करणारा जीएसटीत नोंदलेला असेल, तर रकमेवर १८ टक्के वेगळे धरावे लागतात. इथे ते पूर्ण रकमेवर लागले, तर ९ हजार होतात. हे आधी विचारले नाही, तर राखीव रक्कम त्यातच जाते आणि वर खिशात हात घालावा लागतो.

चित्रांचा खर्च कशाने वाढतो हे मालकाला कळले, तर त्याच पैशात चांगले काम होते. सेकंदाला चोवीस चित्रे धरली, तर मिनिटात १,४४० चित्रे होतात. ती सगळी हाताने काढण्याचा जमाना छोट्या जाहिरातीपुरता तरी सरला. आता चित्रकार एखाद्या वस्तूची सुरुवातीची आणि शेवटची जागा ठरवतो, मधला प्रवास सॉफ्टवेअर भरते. त्यामुळे सरकणे, फिरणे, लहान-मोठे होणे आणि पातळी उतरणे स्वस्त पडते. चालणारा माणूस, बोटांची हालचाल, बोलण्याबरोबर हलणारे ओठ आणि उसळणारे पाणी महाग पडते.

टाकीच्या व्हिडिओत तर पाणीच पाणी. ते कसे परवडवायचे? उभ्या कापलेल्या टाकीत पाणी म्हणजे निळा चौकोन. त्याची वरची कड जरा लहरती ठेवली आणि चौकोन खाली उतरवला, की पंपाने पाणी उपसले जातेय हे कळते. प्रेशरच्या फवाऱ्याला पांढऱ्या रेषांचा एक पंखा पुरतो. तो तीन-चार चित्रांत पुन्हा पुन्हा फिरवला, की डोळ्याला सतत उडणारे पाणी वाटते. कामगार चालत येताना दाखवायचा नाही, तो आधीच शिडीवर उभा असतो. हेल्मेट, गमबूट, हातमोजे घातलेला. त्याचा हात खांद्यापासून एकच तुकडा ठेवतात आणि खांद्यालाच वर-खाली फिरवतात. झाकण उघडे आणि बाहेर दुसरा माणूस उभा, हेही चित्रात असावे. बंद टाकीत एकट्याने उतरणे धोक्याचे असते आणि जाणकार सेक्रेटरी तेवढे पाहतोच.

पडद्यावरची मराठी अक्षरे हे आणखी एक दुखणे. मालक मजकूर पाठवतो तो पुष्कळदा छापखान्यातल्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला. दुसऱ्या संगणकावर उघडला, की जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घेणे हाच खात्रीचा उपाय. दुसरी गफलत ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. एकेक अक्षर टपकत येते तो परिणाम इंग्रजीत छान दिसतो. देवनागरीत मात्र ‘स्वच्छ’मधला अर्धा ‘च’ एकीकडे, ‘छ’ दुसरीकडे आणि मध्ये पाय मोडल्याची खूण, असे होऊन बसते. वेलांटी व्यंजन सोडून आधीच येऊन उभी राहते. मराठीत अख्खा शब्द एकदम आणावा, आणि हलवायला द्यायच्या आधी ‘स्वच्छता’, ‘निर्जंतुक’, ‘पुण्यात’ असे जोडाक्षरांचे शब्द टाइप करून पाहावेत. फाँट विकत घेतलाच पाहिजे असे नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, धंद्यासाठीही चालतात.

पडदा आडवा की उभा, हे चित्रे काढण्यापूर्वी ठरवायचे. आडवा व्हिडिओ १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असतो. नंतर कोणी म्हणाले, ‘हाच फोनसाठी उभा करून द्या’, आणि तेवढ्याच उंचीत बाजू कापल्या, तर रुंदीतला जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. कामगार राहतो, टाकी जाते. सेक्रेटरी फोन उभाच धरणार असल्याने नमुन्यातला व्हिडिओ मुळातच उभा, १०८० बाय १९२० चा आखलेला बरा. टाकीही उभीच असते, चित्र आपसूक बसते.

आवाज शेवटी चढवत नाहीत, हे पुष्कळांना नवे वाटते. खरा आवाज ॲनिमेशनच्या आधी रेकॉर्ड होतो, कारण चित्रांची लांबी त्यावर ठरते. रेकॉर्डिंगला मालकाने स्वतः हजर राहावे. व्यवसायाचे नाव, गावाचे नाव, औषधाचा उच्चार तिथेच दुरुस्त होतो. ‘पाणी तीन तास बंद राहील’ हे वाक्य ‘दोन’, ‘चार’ आणि ‘पाच’ घालूनही म्हणवून घ्यावे. टाकीचा आकार बदलला, की तासही बदलतील आणि पुन्हा स्टुडिओ भाड्याने घ्यावा लागणार नाही.

संगीत म्हणून गाजलेले सिनेगीत लावायचा हट्ट धरू नये. परवान्याविना ते वापरता येत नाही आणि यूट्यूबची यंत्रणा ते लगेच ओळखते. ‘रॉयल्टी फ्री’ लिहिलेले संगीतही फुकट असतेच असे नाही. एकदा परवान्याचे पैसे भरले, की दर वापरामागे पुन्हा द्यावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. परवान्यात धंद्याच्या जाहिरातीची मुभा आहे का, हे वाचून त्याची पावती जपून ठेवावी.

आणि मालकी? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, करवून घेणारा असतो. पण चित्रे, संहिता, संगीत यांचे हक्क स्वतंत्र असू शकतात. ते लेखी लिहून घ्यावे लागतात. त्या लेखात मुदत नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ॲनिमेशनची मूळ, बदल करता येण्याजोगी फाइल बरेच कलाकार देत नाहीत किंवा तिचे वेगळे पैसे घेतात. हे पहिल्याच बैठकीत बोलून घेतले, तर शेवटी खटका उडत नाही.

शेवटची पायरी निर्यातीची, म्हणजे व्हिडिओची फाइल बाहेर काढण्याची. त्यातली एक फाइल जपून ठेवायची मूळ प्रत, जवळपास न दाबलेली आणि आकाराने मोठी. दुसरी रोजच्या वापराची, एच.२६४ पद्धतीने दाबलेली एमपी४. यूट्यूबसाठी सेकंदाला ८ मेगाबिट पुरतात. साठ सेकंदांचे ४८० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून फाइल ६० एमबीच्या आसपास भरते. व्हॉट्सॲपवर हीच पाठवली तर ते आपल्या पद्धतीने पिळून लहान करते आणि बारीक अक्षरे पुसट होतात. म्हणून तिसरी प्रत आपणच सेकंदाला २ मेगाबिटने काढायची. ती १५ एमबीच्या आसपास बसते. सपाट रंगांच्या ॲनिमेशनला एवढ्यात निभते, खऱ्या कॅमेऱ्याच्या चित्राला निभले नसते. अगदी तशीच फाइल पोचवायची असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

पाठवण्यापूर्वी तपासणी स्टुडिओच्या पडद्यावर नव्हे, साध्या फोनवर आणि उन्हात, गच्चीवरच करावी. फिकट राखाडी अक्षरे तिथे गायब होतात. आवाज बंद करूनही एकदा पाहावा, कारण बरेच जण तसाच पाहतात. चार टप्प्यांची नावे आणि बंद पाण्याचे तास पडद्यावर लिहिलेले नसतील, तर ते उघडे पडते. एखादे वाक्य पडद्यावर पुरेसे राहते का, हे ते मोठ्याने दोनदा वाचून कळते. पहिलीच फ्रेम काळी नाही ना, हेही पाहावे. ती काळी असेल, तर ग्रुपवर काळा चौकोन दिसतो आणि तो कोणी उघडत नाही.

या प्रतींबरोबर मालकाने आणखी तीन गोष्टी मागून घ्याव्यात: अक्षरांशिवायचा व्हिडिओ, आवाज आणि संगीत वेगवेगळ्या फाइलींत, आणि वापरलेल्या फाँटची नावे. फोन नंबरचे शेवटचे आठ सेकंद सुटे दृश्य म्हणून बनवलेले असावेत. नंबर बदलला, चाकण-तळेगावसाठी वेगळा माणूस नेमला किंवा दिवाळीपुरती सवलत जाहीर करायची झाली, तर तेवढेच दृश्य नव्याने करून जोडता येते. एखादा साधा व्हिडिओ जोडणारा मुलगाही ते काम तासाभरात करून देतो.